पन्हळी पत्रा, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आणि गळती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, राऊ, महू या पट्ट्यात मे महिना लागला की गच्चीवर पत्र्याची शेड टाकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर त्याच लोकांचे गळतीचे फोटो येतात. दोन्ही वेळी जे प्रश्न हटकून विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरे लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर बसवलेल्या साध्या पन्हळी पत्र्याबद्दल आहेत. लाकूड, पॉलिकार्बोनेट वगैरे अपवाद शेवटी दिले आहेत.

पूर्वी जे-हूक लावायचे, आता सगळे सेल्फ स्क्रू लावतात. त्याने गळती खरंच कमी होते का?

होते, पण स्क्रू नीट बसला तरच. जे-हूकसाठी पत्र्याला आधी पंचने किंवा ड्रिलने भोक पाडायचे आणि ते हुकाच्या दांड्यापेक्षा नेहमी मोठे पडायचे. वर डांबरी वायसर असायचा. आपल्याकडच्या उन्हात तो दोन-चार उन्हाळ्यांत कडक होतो, तडकतो आणि भोक उघडे पडते. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूचे टोकच ड्रिलचे असते. तो आपल्या मापाचे भोक पाडतो, खालच्या पाइपमध्ये स्वतःचे आटे काढतो आणि डोक्याखालचा रबरी वायसर पत्र्यावर दाबून धरतो. पाणी अडवतो तो वायसर. स्क्रू फक्त त्याला दाबून ठेवतो. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

दुकानात गेल्यावर नेमका कोणता स्क्रू मागायचा?

घरगुती शेडसाठी ५.५ मिमी जाडीचा, षटकोनी डोक्याचा, १६ मिमी वायसर असलेला स्क्रू मागा. लांबी पत्र्याच्या उंचवट्यावर ठरते. साध्या पन्हळी पत्र्याचा उंचवटा साधारण १८ मिमी असतो. स्क्रू उंचवट्याच्या माथ्यावर लावायचा (का, ते पुढे पन्हळीच्या प्रश्नात आहे), त्यामुळे हे १८ मिमी ओलांडून, पाइपची भिंत भेदून, निदान तीन पूर्ण आटे पलीकडे निघाले पाहिजेत. शिवाय ड्रिलचे टोकही मोजावे लागते, कारण त्याला आटे नसतात. हे सगळे धरले की ४५ मिमीचा स्क्रू पुरतो आणि ५५ मिमीचा निर्धास्त बसतो. कारखान्यांवर दिसतो तो चौकोनी फाशांचा रंगीत पत्रा असेल तर त्याचा उंचवटा २८-३० मिमी असतो, तिथे ५५ किंवा ६५ मिमी घ्या.

दुसरी गोष्ट टोकाची. पाइप किंवा सी-पर्लिन दीड ते तीन मिमी जाड असेल तर ३ नंबरचे टोक योग्य. जाड अँगलवर किंवा गर्डरवर पत्रा ठोकायचा असेल तर लांब टोकाचा, ५ नंबरचा स्क्रू लागतो. टोक आखूड पडले तर भोक आरपार व्हायच्या आधीच आटे पकडू लागतात आणि स्क्रू एक तर अडकतो, नाही तर मोडतो. सियागंजमध्ये "पत्रे का स्क्रू" एवढेच म्हणालात तर समोर पडेल तो डबा मिळेल. पाइपची जाडी सांगून मागा.

चांगला वायसर ओळखायचा कसा? सगळे काळेच दिसतात.

चांगल्या वायसरला वर धातूची किंचित घुमटाकार टोपी असते आणि खाली ईपीडीएम रबर तिला कारखान्यातच चिकटवलेले असते. नखाने कड उचलून पाहा. रबर टोपीपासून सुटून आले तर तो दोन तुकड्यांचा स्वस्त माल आहे. कसताना त्याचे रबर फिरते, सुरकुतते आणि एका बाजूने बाहेर येते. मग रबर दुमडून पाहा. ईपीडीएम लगेच पूर्ववत होते, त्यावर पांढरी रेघ उमटत नाही. साध्या रबराला ऊन आणि हवेतला ओझोन सोसत नाही. दोन-तीन वर्षांत त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात.

स्क्रू किती कसायचा?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत जास्त छपरे याच्यामुळेच गळतात. आपल्याकडे काम चालू असले की खालून मालक ओरडतो, "और कस के लगाओ, भैया!" आणि कारागीर कसतो. रबर टोपीच्या बाहेर फुगून येते, मालकाचे समाधान होते आणि वायसर तिथेच निकामी होतो.

बरोबर बसलेला वायसर जवळून पाहा. धातूच्या टोपीची घुमटी जवळजवळ सपाट झालेली असते आणि टोपीच्या कडेखाली रबराची बारीक काळी रेघ चारही बाजूंनी सारखी दिसते. रबर कडेपर्यंत येते, कडेच्या बाहेर लोंबत नाही. दोन बोटांनी वायसर फिरवायचा प्रयत्न केला तर तो फिरत नाही.

कमी कसला असेल तर टोपी अजून घुमटासारखी दिसते आणि वायसर बोटाने फिरतो. पहिल्या पावसात पाणी दांड्याच्या कडेने खाली उतरते. हा दोष बरा, कारण आणखी अर्धा फेरा दिला की काम होते.

जास्त कसला असेल तर तीन गोष्टी एकदम होतात. रबर बाहेर आल्यामुळे भोकाभोवती ते पातळ उरते. धातूची टोपी उलटी, म्हणजे बशीसारखी खोलगट होते आणि तिच्यात पाणी साठते. आणि उंचवटा दबून पत्र्याला स्क्रूभोवती एक छोटा खड्डा पडतो, त्यात पाणी भोकापाशीच थांबते. असा स्क्रू थोडा सैल केला तरी रबर परत फुगत नाही आणि पत्र्याचा खड्डाही जात नाही. तो स्क्रू काढून नवा लावणे एवढाच उपाय.

तिसरा दोष तिरका बसलेला स्क्रू. वायसरच्या एका बाजूला रबर बाहेर आलेले आणि दुसऱ्या बाजूला फट. असा स्क्रू कितीही कसला तरी ती फट भरत नाही. मशीन पत्र्याला काटकोनात धरले की हा प्रश्नच येत नाही. पण शिडीवरून हात लांबवून स्क्रू मारला की तो हमखास तिरका जातो. वळचणीकडच्या शेवटच्या ओळीत असे स्क्रू सर्वाधिक सापडतात.

मशीन कोणते वापरायचे? इम्पॅक्ट ड्रायव्हर चालेल का?

साधा ड्रिल-ड्रायव्हर घ्या, जो मिनिटाला दीड ते दोन हजार फेरे फिरतो आणि ज्याला क्लच आहे, म्हणजे आकड्यांच्या कड्यावर ठरवलेला जोर आला की स्क्रू फिरवणे आपोआप सुटते. इम्पॅक्ट ड्रायव्हर ठोके देत फिरवतो. भोक पडून आटे पकडले की पुढच्या क्षणभरात तो वायसर चिरडून टाकतो आणि पातळ पाइप असेल तर आटेही उडवतो. ५.५ मिमीच्या स्क्रूला ८ मिमीचा चुंबकी सॉकेट लागतो.

सुरुवातीला एखाद्या टाकाऊ तुकड्यावर पाच-सहा स्क्रू मारून क्लच लावून घ्या. वायसर वर सांगितल्यासारखा दिसला की तो आकडा कायम ठेवा. तरीही ट्रिगर सोडण्याची वेळ डोळ्यानेच ठरवा. पाइपची जाडी जागोजागी वेगळी निघते, ते क्लचला कळत नाही.

स्क्रू पन्हळीत मारायचा की उंचवट्यावर?

छपरावर उंचवट्यावर. पाणी पन्हळीतून वाहते, म्हणून वायसर किंचित चुकला तरी उंचवट्यावरच्या भोकावर फक्त पडणारे थेंब येतात, धार येत नाही. भिंतीला उभा पत्रा लावायचा असेल तर मात्र पन्हळीत लावतात, कारण तिथे पाणी साठत नाही आणि पत्रा पाइपला टेकून घट्ट बसतो.

कारागिराला पन्हळीत मारणे सोपे जाते, कारण खाली लगेच पाइप असतो, स्क्रू आखूड चालतो आणि कसताना पत्रा दबत नाही. म्हणून लक्ष नसेल तर तो तिथेच मारतो. मारवाडी किंवा गुजराती सेठचे गोडाऊन असो की आपली गच्ची, कामाच्या पहिल्या तासाला एकदा वर चढून पाहा. त्यानंतर सांगून उपयोग नसतो.

एका शेडला किती स्क्रू लागतील? हिशोब कसा करायचा?

एक खरी वाटेल अशी शेड धरू. सुदामानगरातल्या घराची गच्ची, शेडची लांबी १८ फूट, उताराच्या दिशेने १२ फुटी पत्रा, एकाच बाजूला उतार. १० पन्हळींचा पत्रा साधारण ८०० मिमी रुंद असतो. बाजूला दोन पन्हळींचा ओव्हरलॅप दिला की प्रत्येक पत्रा ६५० मिमी नवीन जागा झाकतो. ९ पत्र्यांत ६ मीटर झाकले जातात, म्हणजे १८ फुटांच्या (साडेपाच मीटर) सांगाड्याबाहेर दोन्हीकडे सुमारे २५ सेंमी पत्रा निघतो.

१२ फुटी पत्र्याखाली पाइपच्या चार आडव्या ओळी द्या, दर दोन ओळींत ११० सेंमी अंतर. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या ओळीवर वारा पत्रा उचलतो, म्हणून तिथे एक सोडून एका उंचवट्यावर स्क्रू. मधल्या दोन ओळींवर दर तिसऱ्या उंचवट्यावर. ६ मीटरमध्ये ७५ मिमीच्या हिशोबाने ८० उंचवटे येतात. म्हणजे वर-खालच्या ओळींना ४० आणि ४०, मधल्या ओळींना २७ आणि २७, एकूण १३४.

याशिवाय पत्रे एकमेकांना जोडणारे छोटे स्टिच स्क्रू, ४.८ मिमी जाड आणि २० मिमी लांब. ८ जोड आहेत, प्रत्येक जोडावर दोन ओळींच्या मधल्या जागेत दोन-दोन स्क्रू, म्हणजे प्रत्येक जोडाला ६ आणि एकूण ४८. मोठे १५० आणि छोटे ६० आणलेत की तिरके गेलेले, हातातून पडलेले धरूनही पुरतात.

स्टिच स्क्रू "उगाच खर्च" म्हणून हमखास गाळले जातात. ते नसले तर दोन पाइपांच्या मधे वरचा पत्रा वाऱ्याने उघडझाप करतो आणि पाऊस थेट सांध्यात शिरतो. मोठे स्क्रू कितीही चांगले बसले तरी ही गळती त्यांनी थांबत नाही.

पत्र्यावर पत्रा कोणत्या बाजूने चढवायचा?

आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. पत्रे पूर्व-पश्चिम रांगेत लागणार असतील तर पूर्वेकडून सुरुवात करा आणि पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर चढवत पश्चिमेकडे या. मग वरच्या पत्र्याची उघडी कड पूर्वेकडे राहते आणि वारा पाणी आत ढकलू शकत नाही.

उतार कमी असेल, म्हणजे सहा फुटांना एक फूट किंवा त्याहून कमी, तर सांध्यात खालच्या पत्र्याच्या उंचवट्यावर ब्युटाइल टेप घाला आणि स्टिच स्क्रू त्यातूनच जाऊ द्या. दोन पत्रे अगदी चिकटून असले की त्यांच्या मधली बारीक फट पाणी स्वतःहून वर ओढून घेते. टेप ते अडवतो. उताराच्या दिशेने पत्रे जोडण्याची वेळ येऊ देऊ नका, हव्या त्या लांबीचा एकच पत्रा कापून मागवा. जोडावाच लागला तर निदान १५ सेंमी, कमी उताराला २० सेंमी ओव्हरलॅप द्या आणि जोड पाइपवरच येऊ द्या.

स्क्रू नुसता फिरतोय, पकडतच नाही. तसाच सोडला तर?

सोडू नका. भोक पडलेले आहे आणि वायसर दाबलेला नाही, म्हणजे गळती ठरलेली. बहुधा एक ते दीड मिमीच्या पातळ पाइपमध्ये आटे उडालेले असतात. त्याच भोकात ६.३ मिमीचा जाड स्क्रू मोठ्या वायसरसह लावा, तो नवे आटे काढतो. दोरा गुंडाळून किंवा तार घालून जुनाच स्क्रू परत बसवण्याचा जुगाड पहिल्या वादळापर्यंतच टिकतो.

पाइप चुकून स्क्रू हवेतच गेला असेल तर ते भोक वेगळे बुजवावे लागते: छोटा स्टिच स्क्रू वायसरसह, किंवा पत्र्याचा तुकडा आणि खाली ब्युटाइल टेप. हे टाळायला काम सुरू करण्याआधी पत्र्यावर पाइपच्या रेषेत दोरी ताणून खडूची खूण करा.

नवा पत्रा, पण महिन्याभरात स्क्रूभोवती गंजाचे ठिपके. माल खोटा निघाला का?

पत्रा बहुधा ठीक आहे. ठिपके लोखंडाच्या चुऱ्याचे असतात. प्रत्येक स्क्रू भोक पाडताना बारीक चुरा बाहेर टाकतो आणि तो गरम चुरा पत्र्याच्या थराला चिकटतो. दव पडले की तोच आधी गंजतो. त्याच संध्याकाळी मऊ झाडूने छप्पर झाडले तर ठिपके पडत नाहीत. पत्रा छपरावरच ग्राइंडरने कापला असेल तर ठिणग्यांनी थर जळतो आणि तिथे खरा गंज धरतो, म्हणून कापायचे काम खाली जमिनीवर करा.

पाच वर्षांचे छप्पर आता गळायला लागले. सगळे स्क्रू पुन्हा कसून घेऊ?

नको. मोकळा वायसर अर्ध्या फेऱ्यात बसेल, पण जो आधीच पूर्ण दबलेला आहे त्याचे काय होते ते वर कसण्याच्या प्रश्नात लिहिले आहे. आधी गळती कुठे आहे ते शोधा.

थेंब जिथे पडतो तिथेच भोक असते असे नाही. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने उतारावर वाहते आणि पाइप लागला की तिथून टपकते. म्हणून कोरड्या दिवशी एकाने खाली थांबावे आणि दुसऱ्याने वर बागेची नळी धरावी. पाणी वळचणीकडून सुरू करून थोडे थोडे वर सरकवा आणि प्रत्येक ओळीपाशी पाच मिनिटे थांबा. वरून सुरुवात केली तर सगळे छप्पर ओले होते आणि काहीच कळत नाही. पाणी दिसले की वरच्याने त्या जागेभोवती खडूने गोल करावा. चालताना पाय पाइपच्या रेषेवर ठेवा आणि ओल्या पत्र्यावर चढूच नका. नळीचा माणूस शिडीवर उभा राहिला तरी पुरते.

स्क्रूच्या डोक्यांवर सिलिकॉन, डांबर किंवा एपॉक्सी पुट्टी थापली तर?

एखाद्या पावसाळ्यापुरते चालते. पत्रा उन्हात वाढतो आणि रात्री आकसतो, कडक पुट्टी तशी हलत नाही. तिच्या कडेला केसाएवढी भेग पडते आणि त्या भेगेतून आत गेलेले पाणी थरामुळे वाळत नाही, मग भोक आतून गंजते. नवा स्क्रू आणि नवा वायसर लावणे स्वस्त पडते. सिलिकॉन वापरायचेच असेल, म्हणजे भिंतीच्या सांध्याला वगैरे, तर न्यूट्रल प्रकारचे मागा. व्हिनेगरसारखा वास येतो ते जस्ताचा थर खाते.

नौतप्यात काम केले तर स्क्रू पुढे सैल होतात म्हणतात. खरे आहे का?

तापमानाचा परिणाम असतो, पण १२ फुटी पत्र्यात तो किरकोळ आहे. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिमी वाढते. दुपारचा तापलेला पत्रा आणि पहाटेचा पत्रा यांच्यात ४५ अंशांचा फरक धरला तर १२ फुटांत सुमारे २ मिमी. तेवढे उंचवटा आणि रबर सामावून घेतात. १२ मीटर लांब पत्र्यात तोच फरक साडेसहा मिमी होतो, आणि भोके हळूहळू लांबट होऊ लागतात. गोडाऊनच्या लांब छपराला म्हणून वेगळी व्यवस्था लागते, ती घरगुती शेडला लागत नाही. नौतप्यात दुपारी काम टाळण्याचे खरे कारण म्हणजे पत्र्यावर हात टेकवत नाही आणि माणूस घाई करतो.

प्रकाशासाठी मधे एक पॉलिकार्बोनेट शीट घालायची आहे. तेच स्क्रू चालतील?

स्क्रू तोच, पद्धत वेगळी. पॉलिकार्बोनेट पोलादाच्या पाचपटीहून अधिक पसरते. त्याला आधी स्क्रूपेक्षा निदान ३ मिमी मोठे भोक पाडा, वर २५ मिमीचा किंवा मोठा ईपीडीएम वायसर लावा आणि पत्र्यापेक्षा हलकेच कसा. सरळ स्क्रू घुसवला तर भोकापासून भेग निघते. पीव्हीसीचा वायसर याला लावू नका, त्यातल्या तेलकट घटकांनी शीट तडकते.

लाकडी वासे आहेत. आणि एका बाजूला जुना सिमेंटचा पत्रा आहे.

लाकडाला ड्रिल टोकाचा स्क्रू नको. तो लाकूड पोखरतो आणि बारीक आट्यांना पकड मिळत नाही. रुंद आट्यांचा, अणकुचीदार टोकाचा, तसाच वायसर असलेला लाकडाचा स्क्रू मिळतो, तो वाशात निदान ३० मिमी जाऊ द्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला भोक पाडू नका, कापू नका आणि त्यावर चढू नका. धूळ फुफ्फुसाला घातक असते आणि पत्रा पायाखाली फुटतो.

स्टेनलेसचे स्क्रू लावले तर कायमची कटकट मिटेल ना?

जस्ताच्या पत्र्यावर उलट होते. स्टेनलेस स्वतः शाबूत राहतो आणि ओलाव्यात त्याच्याभोवतीचे जस्त आधी झिजते. शिवाय साध्या स्टेनलेसचे टोक पोलादात नीट भोक पाडत नाही. चांगला जस्तलेपित स्क्रू पत्र्याच्या जातीशी जुळतो, तोच बरा.

जानेवारीत पाऊस नसताना पहाटे थेंब पडतात. हे कुठून येते?

हे छप्पर गळणे नाही. थंड रात्री पत्रा गार होतो आणि खालची दमट हवा त्याला लागून पाणी सुटते. शेडमध्ये कपडे वाळत असतील, पाणी तापत असेल किंवा गाई बांधलेल्या असतील तर जास्तच. ओळखायचे सोपे आहे: गळतीचा थेंब ठरलेल्या जागी पडतो, हे पाणी पत्र्याच्या आतल्या अंगाला सगळीकडे घामासारखे दिसते आणि ऊन चढले की थांबते. स्क्रूला हात न लावता वळचणीखाली आणि वरच्या कडेला हवा खेळायला जागा ठेवा.